नो-कॉस्ट ईएमआयच्या स्टेटमेंटवर व्याज कुठून आलं?

प्रश्न: नौपाड्यातल्या एका दुकानातून 60,000 रुपयांचा फोन क्रेडिट कार्डावर 6 महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयने घेतला. ‘महिन्याला दहा हजार, वर एक रुपया नाही’ असं सांगितलं होतं. पहिलं स्टेटमेंट 10,364.11 रुपयांचं आलं आणि त्यात चक्क ‘इंटरेस्ट’ लिहिलंय. दुकानदार म्हणतो बँकेला विचारा, बँक म्हणते व्याज तर लागणारच. माझ्या मेव्हण्याने त्याच आठवड्यात, त्याच दुकानातून, तोच फोन यूपीआयने 57,500 ला घेतला. मला फसवलंय का, आणि कोणी?

उत्तर: दुकानदार आणि बँक दोघेही आपापल्या बाजूने खरं बोलताहेत, आणि घोळ नेमका तिथेच आहे. मी बँकेच्या कार्ड विभागात बरीच वर्षं काढली. आता ठाण्यातच ओळखीपाळखीच्या लोकांची स्टेटमेंटं वाचून देतो. दिवाळीनंतरच्या महिन्यात तुमच्यासारखाच कागद घेऊन कोणी ना कोणी येतंच.

आधी फोन घेतला त्या दिवशी मशीनमधून निघालेली स्लिप शोधा. दुकानाचं बिल वेगळं, ही कार्डाची स्लिप वेगळी. बिलावर 60,000 असेल. स्लिपवर ‘लोन अमाउंट’ किंवा ‘ईएमआय अमाउंट’च्या आसपास 57,460 च्या जवळचा आकडा असेल, खाली व्याजदर 15 टक्के, मुदत 6 महिने, हप्ता 10,000. तुमच्या पहिल्या स्टेटमेंटच्या बेरजेवरून मी हा दर काढलाय आणि तो पैशापर्यंत जुळतोय, म्हणून खात्रीने सांगतो.

म्हणजे बँकेने तुम्हाला 60,000 नव्हे, 57,460 रुपये कर्ज दिलं. त्यावर 15 टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याज 2,540 रुपये होतं. दोन्हींची बेरीज 60,000, तिचे सहा भाग म्हणजे दहा-दहा हजार. ‘नो-कॉस्ट’ची सगळी करामत एवढीच आहे. व्याज माफ झालेलं नाही. जेवढं व्याज होणार तेवढी सूट आधीच किमतीतून वजा केली, आणि मग तेच व्याज बँकेने तुमच्याकडून रीतसर वसूल करायला घेतलं.

इथे बरेच जण एक हिशोब चुकतात. 15 टक्के वर्षाचे, म्हणजे सहा महिन्यांचे साडेसात, साठ हजारांवर साडेचार हजार. मग सूट अडीच हजारच कशी, असं विचारतात. व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं, आणि मुद्दल दर महिन्याला साधारण साडेनऊ हजारांनी उतरत जातं. पहिल्या महिन्यात 57,460 वर सव्वा टक्का, म्हणजे 718.25. शेवटच्या महिन्यात मुद्दल दहा हजारांच्याही खाली आलेलं असतं, तेव्हा व्याज फक्त 123.46. मशीन हा हिशोब उलटा करतं. सहा वेळा दहा हजार मिळणार असतील तर आज किती कर्ज देता येईल, हे आधी काढायचं आणि साठ हजारांतून उरलेला फरक ‘सूट’ म्हणून दाखवायचा.

आता तुमचं स्टेटमेंट. त्यात हप्ता ‘10,000’ असा एका ओळीत सापडणार नाही. तो दोन ओळींत फोडलेला असतो. काही बँकांच्या स्टेटमेंटवर या ओळी अशा दिसतात:

```
Principal Amount Amortization - <1/6>    9,281.75
Interest Amount Amortization - <1/6>       718.25
```

नावं बँकेगणिक बदलतात, पण मुद्दल आणि व्याज वेगवेगळे आणि पुढे कितवा हप्ता ते, ही रचना जवळजवळ सगळीकडे सारखी असते. दोन्ही मिळवा, बरोबर 10,000 होतात. तुमचा ठरलेला हप्ता तो हाच.

उरले 364.11 रुपये. ते दोन गोष्टींचे आहेत. एक म्हणजे प्रोसेसिंग फी 199, ती एकदाच लागते. दुसरा जीएसटी, 165.11. तो स्टेटमेंटवर एका ओळीत असेल किंवा दोन ओळींत. त्यातले 35.82 प्रोसेसिंग फीवरचे आणि 129.29 व्याजावरचे. 718.25 चे 18 टक्के करून पाहा, आकडा जुळेल. कुणाच्या स्टेटमेंटवर ‘आयजीएसटी 18 टक्के’ असतं, कुणाच्या ‘सीजीएसटी 9’ आणि ‘एसजीएसटी 9’. ते बँकेची जीएसटी नोंदणी आणि तुमचा पत्ता एकाच राज्यात आहेत का यावर ठरतं. तुम्हाला पडणारा भार तोच.

व्याजावर जीएसटी हे ऐकून लोक चमकतात, कारण गृहकर्जाच्या किंवा पर्सनल लोनच्या व्याजावर तो कधी दिसलेला नसतो. कर्जाच्या व्याजाला जीएसटीतून सूट आहे, पण त्या सूटीतून क्रेडिट कार्डाचं व्याज मुद्दाम वगळलेलं आहे. म्हणून फायनान्स कंपनीकडून कागदपत्रं करून घेतलेल्या हप्त्यांवर हा कर दिसत नाही आणि कार्डाच्या हप्त्यांवर दिसतो. त्या कंपन्या आपली कमाई फाइल चार्जेस वगैरे नावांनी काढतात. तो वेगळा विषय, त्यात आत्ता शिरत नाही.

नो-कॉस्टची सूट फक्त व्याजाएवढी असते, व्याजावरच्या जीएसटीएवढी नसते. हा कर तुमच्याच खिशातून जातो, आणि सहाही महिने जातो. फक्त दर महिन्याला व्याज उतरतं तसा तोही उतरतो. दुसऱ्या महिन्यात 108.40, तिसऱ्यात 87.26, असं करत शेवटच्या महिन्यात 22.22. सगळा मिळून 457 रुपये. त्यात प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा कर मिळून 235 घाला. फोन तुम्हाला 60,692 ला पडला. ‘वर एक रुपया नाही’ म्हणणाऱ्या माणसाने हे 692 सांगायला हवे होते. बहुतेक वेळा त्याला स्वतःलाच ते माहीत नसतात, कारण त्याने फक्त हप्ता गुणिले महिने एवढंच पाठ केलेलं असतं.

692 रुपये डोकेदुखी करून घेण्याएवढे नाहीत, हे मान्य. खरा खर्च तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत आहे, मेव्हण्याच्या 57,500 मध्ये.

ही 2,540 ची सूट कोण देतं? कधी फोन बनवणारी कंपनी, कधी दुकानदार, कधी दोघे वाटून घेतात. तुमच्या बाबतीत दुकानदाराच्या खिशातून मोठा हिस्सा गेला असणार असा माझा अंदाज आहे, कारण रोख गिऱ्हाइकाला त्याने जवळपास तेवढीच रक्कम थेट कमी करून दिली. त्याच्या दृष्टीने फोनची खरी विक्री किंमत साडेसत्तावन्न हजारांच्या घरातच होती. पैसे लगेच मिळाले तर तो अडीच हजार गिऱ्हाइकाला सोडतो. ईएमआयवर घेतलं तर तेच अडीच हजार तो बँकेच्या व्याजासाठी सोडतो. पाटी मात्र दोघांसाठी 60,000 चीच.

म्हणून तुमचा हिशोब 60,000 पासून नव्हे, 57,500 पासून सुरू व्हायला हवा. 60,692 वजा 57,500, म्हणजे 3,192 रुपये. उतरत्या मुद्दलावर हा खर्च वर्षाला 19 टक्क्यांच्या जवळ जातो, म्हणजे स्लिपवरच्या 15 पेक्षा जास्त, कारण फी आणि कर त्यात मिसळले. याला नो-कॉस्ट म्हणणं म्हणजे भाजीवाल्याने जुडीचा भाव वाढवून कोथिंबीर फुकट देण्यासारखं आहे.

पण हेच उलटंही होतं, आणि ते सांगितलं नाही तर उत्तर एकतर्फी होईल. समजा दुकानात रोख, यूपीआय किंवा साधा कार्ड स्वाइप, कशानेही किंमत 60,000 च राहिली असती. सूट पूर्णपणे कंपनीकडून येते आणि ती ईएमआयलाच बांधलेली असते तेव्हा असं होतं. दुकानदाराला ती रोख गिऱ्हाइकाकडे वळवता येत नाही. मग तुमचा खर्च फक्त 692. सहा महिने हळूहळू फेडायच्या साठ हजारांवर तो वर्षाला चार टक्क्यांच्या आसपास पडतो. एवढ्या स्वस्त पैशाला मी नाही म्हणणार नाही. साठ हजार खात्यात ठेवा आणि हप्ते भरा.

तेव्हा नो-कॉस्ट ईएमआय स्वस्त की महाग हे ईएमआयच्या कागदावरून कळत नाही. ते रोखीच्या भावावरून कळतं, आणि तो भाव ईएमआयचा विषय काढण्याआधी विचारावा लागतो. ‘आत्ता यूपीआय केलं तर शेवटचा भाव किती?’ एवढंच विचारा आणि आकडा ऐकल्यावर मगच हप्त्यांचं बोला. क्रम उलटा झाला की विक्रेता सावध होतो आणि दोन्ही भाव एकच सांगतो. गोखले रोडला काय, वाशीच्या सेक्टर 17 ला काय, रोखीवर भाव तुटतो हे सगळ्यांना माहीत आहे. फक्त ‘नो-कॉस्ट’ शब्द कानावर पडला की विचारायचं राहून जातं. ऑनलाइन घेतानाही हेच करा. पैसे भरायच्या पानावर पूर्ण रकमेसाठी कार्डाची तात्काळ सूट किती ते आधी पाहा, मग नो-कॉस्टचा पर्याय निवडून तीच सूट तिथे टिकते का ते पाहा. कधी टिकते, कधी गुपचूप गळते.

आणखी एक प्रकार आहे, त्यात लोक जास्त घाबरतात. सूट आधी वजा न करता नंतर कॅशबॅक म्हणून देतात. तेव्हा कर्ज पूर्ण 60,000 चं चढतं, हप्ता 10,442 येतो आणि सहा महिन्यांचं व्याज 2,652 होतं. तेवढीच रक्कम पुढे कधीतरी कार्डावर जमा होते. जीएसटी जवळपास 477 रुपये, तो परत मिळत नाही. इथे हप्ताच दहा हजारांपेक्षा जास्त दिसतो, त्यामुळे गिऱ्हाईक पहिल्याच महिन्यात भांडायला जातं. अशा वेळी स्लिपवर कॅशबॅकची रक्कम छापली आहे का ते पाहा. छापलेली असेल तर स्लिपचा फोटो काढून ठेवा, कारण त्या कागदावरची शाई काही महिन्यांत उडते. छापलेली नसेल तर तोंडी वचनावर पुढे काहीही मिळत नाही. कॅशबॅक येईपर्यंत हप्ता पूर्णच भरायचा. ‘ते येणारच आहेत’ म्हणून कमी भरलं तर उरलेल्या रकमेवर कार्डाचा नेहमीचा दर लागतो. तो महिन्याला तीन टक्क्यांच्या वर असतो, आणि त्याच्यापुढे 15 टक्के वार्षिक अगदीच गरीब वाटतात.

आता फसवणुकीचा मुद्दा. रिझर्व्ह बँकेने 17 सप्टेंबर 2013 च्या परिपत्रकातच शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नसते आणि अशा योजनांत व्याज प्रोसेसिंग फीच्या रूपात लपवलं जातं, असं म्हटलं होतं. त्यानंतर एप्रिल 2022 च्या क्रेडिट आणि डेबिट कार्डविषयक निर्देशांत नियम आणखी स्पष्ट झाला. व्यवहार ईएमआयमध्ये बदलण्याआधी मुद्दल, व्याज आणि नो-कॉस्ट करण्यासाठी दिलेली सूट, तिन्ही वेगवेगळे दाखवायचे. हेच कार्डाच्या बिलातही वेगळं दाखवायचं. आणि व्याज असलेला ईएमआय शून्य व्याजाचा म्हणून खपवायचा नाही.

म्हणजे तुम्हाला जो ‘इंटरेस्ट’ शब्द खटकला, तो स्टेटमेंटवर असणं हे नियमाला धरूनच आहे. तो नसता तर मी जास्त काळजीत पडलो असतो. बँकेला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: तिसरा आकडा कुठे आहे? मुद्दल आणि व्याज दाखवलं, पण 2,540 ची सूट स्टेटमेंटवर कुठल्या ओळीत आहे? पुष्कळदा ती अशी दिसतच नाही. कारण सूट दुकानाच्या टोकाला वजा झाली आणि बँकेकडे व्यवहार आधीच 57,460 चा म्हणून आला. मग स्टेटमेंटवर 57,460 ची खरेदी, त्याच रकमेची ईएमआयसाठीची उलट नोंद, आणि खाली हप्ता एवढंच दिसतं. 60,000 हा आकडा त्या कागदावर कुठेच नसतो. गोंधळ होतो तो यामुळेच: बिलावर साठ हजार, स्टेटमेंटवर व्याज, आणि मधली सूट फक्त स्लिपवर.

तुम्ही आता काय करावं? बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा फोन करून या कर्जाचं हप्त्यांचं वेळापत्रक मागवा. त्यात सहाही महिन्यांचं मुद्दल आणि व्याज दिसेल. व्याजाची बेरीज 2,540 च्या आसपास आणि कर्जाची रक्कम 57,460 असेल, तर सूट तुम्हाला खरोखर मिळाली आहे आणि बँकेकडून चूक नाही. पहिल्या महिन्याचं व्याज थोडं कमी-जास्त दिसलं तरी लगेच बिथरू नका. काही बँका व्यवहाराच्या तारखेपासून बिलाच्या तारखेपर्यंतच्या दिवसांचं व्याज वेगळं धरतात. मात्र कर्जाची रक्कम 60,000 दिसली आणि स्लिपवर कॅशबॅकचं नाव नसलं, तर व्याजासकटचा साधा ईएमआय नो-कॉस्ट म्हणून तुमच्या गळ्यात मारला गेला. तेव्हा स्लिपच्या फोटोसकट बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. प्रोसेसिंग फी स्लिपवर किंवा अटींत लिहिलेली असेल तर ती परत मिळायची आशा धरू नका.

चिडून कर्ज आत्ताच बंद करून टाकू, असं मनात येत असेल तर थांबा. दोन हप्त्यांनंतर तुमचं मुद्दल 38,780 उरेल. मुदतीआधी बंद करायला तुमच्या बँकेचं शुल्क 3 टक्के असेल तर ते 1,163 आणि त्यावर जीएसटी 209. चारही उरलेल्या महिन्यांचं व्याज आणि त्यावरचा कर मिळून वाचतात 1,439. एवढी खटपट करून हाती 66 रुपये राहतात. कॅशबॅकच्या प्रकारात तर लवकर बंद केल्यास कॅशबॅकच हातचा जायची शक्यता असते. आधी तुमच्या कार्डाचं शुल्क पाहा. ते शून्य असेल तरच बंद करण्यात अर्थ आहे.

फोनमध्ये दोष निघून परत करायची वेळ आली तर एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. दुकानाने पैसे उलटे पाठवले म्हणून ईएमआय आपोआप थांबतोच असं नाही. परतावा कार्डावर जमा झाला की त्याच दिवशी बँकेला फोन करून कर्ज रद्द करायला सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या. तोवर लागलेलं व्याज, त्यावरचा कर आणि प्रोसेसिंग फी बहुधा परत येत नाही.

तुमचं पुढचं स्टेटमेंट 10,108.40 चं यायला हवं, अर्थात कार्डावर दुसरी खरेदी नसेल तर. मुद्दल 9,397.77, व्याज 602.23, जीएसटी 108.40. त्यात पुन्हा 199 दिसले तर ती बँकेची चूक. ती फी परत मागा, ती मिळते.